लॅमिनार + टर्ब्युलंट प्लेट: सरासरी h काढताना टर्ब्युलंट भागाची लांबी कुठून मोजायची?

मृण्मयी_द

एका गणितात अडकले आहे. उत्तर जुळत नाही, पण माझी रीत कुठे घसरते तेही दिसत नाही.

२ मीटर लांबीची सपाट प्लेट ३७ अंश सेल्सिअसवर ठेवलेली आहे. तिच्यावरून १७ अंशांची हवा १० मी/से वेगाने लांबीच्या दिशेने वाहते. सरासरी तापमान २७ अंश धरून हवेचे गुण घेतले:

```
nu = 1.589e-5 m2/s
k  = 0.0263 W/mK
Pr = 0.707
```

ट्रान्झिशन Re = ५ लाखांवर होतं असं दिलंय. म्हणजे पुढच्या कडेपासून ०.७९ मीटरवर. तिथपर्यंत लॅमिनार सूत्राने सरासरी h काढला, तो १३.८५ आला (सगळे h वॅट प्रति चौ.मी. प्रति केल्व्हिनमध्ये). उरलेली १.२१ मीटर टर्ब्युलंट. तिच्यासाठी Re काढताना लांबी १.२१ मीटरच घेतली, कारण टर्ब्युलंट प्रवाह तेवढ्याच लांबीवर आहे. त्यातून ३६.४ आला. मग दोन्हींची लांबीप्रमाणे सरासरी घेतली:

```
(0.79*13.85 + 1.21*36.4)/2 = 27.4
```

उत्तर २२.७ दिलंय. खाली सूत्र आहे, `Nu = (0.037 Re_L^0.8 - 871) Pr^(1/3)`. हे ८७१ कुठून आलं त्याचा पत्ता नाही. सूत्रात आकडे घातले की २२.७ येतं हे मान्य, पण माझ्या रीतीत चूक काय?

---

सागर_पा

१.२१ मीटरवर Re काढणं चूक आहे. बाउंडरी लेयर पुढच्या कडेपासून वाढत येते, त्यामुळे x नेहमी कडेपासूनच मोजायचा. टर्ब्युलंटसाठी Re_L म्हणजे पूर्ण २ मीटरचा घ्या. `0.037 Re_L^0.8 Pr^(1/3)` वरून h = ३२.९ येतो. आता वजन लावा: ०.७९ मीटरला १३.८५ आणि १.२१ मीटरला ३२.९. सरासरी २५.३.

तेव्हा माझ्या मते २२.७ हे छापील उत्तरच तपासून पाहायला हवं.

---

उष्मागती

सागर, x कडेपासून मोजायचा हे तुमचं बरोबर आहे आणि मृण्मयीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यातच आहे. पण पुढची पायरी निसटली. ३२.९ ही ० ते २ मीटर अशा पूर्ण टर्ब्युलंट प्लेटची सरासरी आहे. कडेजवळ लेयर पातळ असते, तिथे h सगळ्यात मोठा असतो, आणि ती मोठी किंमत या ३२.९ मध्ये मिसळलेली आहे. आपल्या प्लेटवर मात्र त्या पहिल्या ०.७९ मीटरवर टर्ब्युलंट प्रवाह नाहीच. जो भाग अस्तित्वात नाही त्याचा मोठा h तुम्ही मागच्या १.२१ मीटरला वाटून दिलात.

सरासरी काढताना सरासऱ्यांशी खेळू नये असं मी माझ्या विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो. स्थानिक h घ्या, तो लांबीवर बेरजेत आणा आणि शेवटी एकदाच L ने भागा. टर्ब्युलंट भागाची बेरीज म्हणजे "कडेपासून २ मीटरपर्यंतची टर्ब्युलंट बेरीज" वजा "कडेपासून ०.७९ मीटरपर्यंतची टर्ब्युलंट बेरीज". हे असं दिसतं:

```
laminar,   0 -> xc : 0.664*Re_c^0.5              =  469.5
turbulent, xc -> L : 0.037*(Re_L^0.8 - Re_c^0.8) = 2806.4 - 1340.9
                                                 = 1465.5
total                                            = 1935
h = 1935 * 0.891 * 0.0263 / 2                    = 22.7
```

०.८९१ म्हणजे Pr चं घनमूळ. ८७१ चं गूढही इथेच सुटतं. १३४०.९ मधून ४६९.५ वजा करा, ८७१ उरतात. म्हणजे पूर्ण प्लेट टर्ब्युलंट समजून हिशेब मांडला, मग पुढच्या तुकड्याचं खोटं टर्ब्युलंट योगदान काढून टाकलं आणि त्याच्या जागी खरं लॅमिनार योगदान ठेवलं. त्या अदलाबदलीचा फरक ८७१.

यावरून एक गोष्ट आपोआप निघते. ८७१ हा आकडा Re_c = ५ लाख असतानाच खरा. ट्रान्झिशन दुसरीकडे असेल तर तो नव्याने काढावा लागतो. गणितात "Re_c = २ लाख" असं स्पष्ट दिलेलं असतानाही ८७१ तसाच ठेवलेल्या उत्तरपत्रिका मी दरवर्षी पाहतो.

---

निनाद

हा आकडा १७४२ आहे ना? ८७१ नव्हे. `C = 0.074/Re_L^0.2 - 1742/Re_L`. आम्ही नौका-रचनेत हेच वापरतो. ट्रान्झिशन ५ लाखांवर असेल तर १७४२.

---

उष्मागती

निनाद, तुमचं सूत्र घर्षणाच्या सरासरी गुणांकाचं आहे, इथे प्रश्न उष्णतेच्या गुणांकाचा आहे. दोन्हींमागची अदलाबदल एकच. घर्षणाच्या सूत्रांत सहगुणक दुप्पट असतात (०.०७४ आणि १.३२८), म्हणून ८७१ ची दुप्पट १७४२. ही युक्ती मुळात घर्षणासाठीच प्रान्टलने सुचवली होती, उष्णतेकडे ती नंतर आली. आकड्यांत गोंधळ नाही.

---

मृण्मयी_द

बेरीज कळली. ८७१ पण कळला, धन्यवाद. पण मूळ शंका तशीच आहे आणि आता जास्त टोचते आहे.

वजाबाकी करताना आपण असं धरतो की ०.७९ मीटरच्या पुढे टर्ब्युलंट लेयर अशी वागते, जणू ती कडेपासूनच टर्ब्युलंट होती. पण ती नव्हती! तिथपर्यंत लॅमिनार लेयर होती आणि ती टर्ब्युलंटपेक्षा बरीच पातळ असते. मग ०.७९ वर लेयर अचानक जाड कशी होईल? माझ्या रीतीत टर्ब्युलंट लेयर ०.७९ वर शून्यापासून सुरू होते. तेही बरोबर नाही हे आता दिसतंय, पण पुस्तकाची रीत तरी बरोबर आहे का?

---

उष्मागती

हा प्रश्न फार चांगला आहे. बहुतेक जण ८७१ पाठ करून पुढे जातात आणि इथे थांबतच नाहीत. आकड्यांनीच पाहू.

लेयरची कुठली जाडी तुलनेला घ्यायची हे आधी ठरवू. ट्रान्झिशन थोड्या अंतरात होतं असं मानलं, तर तेवढ्यात भिंतीवरच्या घर्षणाने संवेगाची फारशी जादा हानी होऊ शकत नाही. म्हणून ट्रान्झिशनच्या अलीकडे आणि पलीकडे संवेग-जाडी सारखी असायला हवी. बाहेरून दिसणारी जाडी बदलू शकते, कारण टर्ब्युलंट वेगरेखेचा आकारच वेगळा असतो, पण संवेग-जाडी उडी मारू शकत नाही.

०.७९ मीटरवर लॅमिनार लेयरची संवेग-जाडी ०.७५ मि.मी. येते. लेयर कडेपासून टर्ब्युलंट असती तर त्याच जागी २.०७ मि.मी. असती. पुस्तकाच्या रीतीत ट्रान्झिशननंतर लगेच २.०७ गृहीत धरले जातात, तुझ्या रीतीत शून्य. खरी किंमत ०.७५. म्हणजे पुस्तकाची लेयर वाजवीपेक्षा जाड आहे, म्हणून तिचा h कमी. तुझी वाजवीपेक्षा पातळ, म्हणून तुझा h जास्त.

आता उलटा प्रश्न विचारू. टर्ब्युलंट लेयर कुठून सुरू झाली असती, म्हणजे ०.७९ मीटरवर तिची संवेग-जाडी नेमकी ०.७५ मि.मी. भरली असती? त्या जागेला आभासी उगम म्हणतात.

```
0.664*xc/Re_c^0.5 = 0.036*x0^0.8*(nu/u)^0.2
7.46e-4           = 0.036*0.0692*x0^0.8
x0                = 0.22 m
```

म्हणजे आभासी उगम ट्रान्झिशनच्या ०.२२ मीटर अलीकडे, पुढच्या कडेपासून साधारण ०.५७ मीटरवर. टर्ब्युलंट भागाची लांबी आता या उगमापासून मोजायची: ०.२२ पासून १.४३ मीटरपर्यंत. त्या दोन टोकांमधली टर्ब्युलंट बेरीज सुमारे १६६० येते. त्यात लॅमिनारचे ४६९.५ मिळवले की २१२९, आणि h = २४.९.

तेव्हा तीन उत्तरं समोर आहेत. पुस्तकाचं २२.७, आभासी उगमाचं २४.९, तुझं २७.४. खऱ्याच्या सगळ्यात जवळ मधलं असावं असं मला वाटतं. पुस्तकाचं उत्तर त्यापेक्षा ९ टक्के कमी आहे, तुझं १० टक्के जास्त.

सागर यांचं २५.३ मधल्या उत्तराजवळ दिसतं, पण तेवढ्याने रीत बरोबर ठरत नाही. प्लेटची लांबी बदलून पाहा, म्हणजे ती जवळीक कितपत टिकते ते दिसेल.

---

सागर_पा

लांबी बदलून पाहतो. पण मग परीक्षेत काय लिहायचं? आणि मला वाटतं L पुष्कळ मोठी असेल तर हा सगळा वादच संपतो. ट्रान्झिशन पहिल्या पाच टक्क्यांत आलं तर सरळ टर्ब्युलंट धरा, असं आम्हाला शिकवलं होतं.

---

उष्मागती

परीक्षेत ८७१. गणित त्याच गृहीतकावर बेतलेलं असतं.

पाच टक्क्यांचा नियम ढोबळ म्हणून चालतो, पण तो लावण्याआधी चूक किती राहते ते पाहावं. ट्रान्झिशन बरोबर पाच टक्क्यांवर म्हणजे Re_L = १ कोटी. तिथे टर्ब्युलंट बेरीज साधारण १४,७०० असते. त्यातले ८७१ सोडून दिले तर सहा टक्के. चालतील की नाही ते तुमच्या कामावर ठरतं.

---

तापलेली_पट्टी

धाग्याचा विषय माझ्या कामाजवळचा आहे म्हणून लिहितो. माझ्याकडे १ मीटर लांब, १२ मि.मी. जाड प्लेट आहे. मागून फॉइल हीटर, पृष्ठभागावर दर काही सेंटीमीटरवर थर्मोकपल. वेग ८ मी/से. Re_L जेमतेम ५ लाख, म्हणजे तुमच्या हिशेबाने अख्खी प्लेट लॅमिनार आणि सरासरी h ११ च्या आसपास यायला हवा. मला २८ मिळतोय. रेडिएशन आणि मागची गळती वजा करूनही २८. हीटरची शक्ती पुन्हा पुन्हा तपासली. आभासी उगमाने दहा टक्के हलतील, इथे अडीच पट फरक आहे. सूत्रंच कुचकामी आहेत की काय?

---

मृण्मयी_द

पूर्ण प्लेट टर्ब्युलंट धरली तर ३१ येतो, मी आत्ता केलं. तुमचा २८ त्याच्या जवळ आहे. तुमच्या प्लेटवर ट्रान्झिशन फार लवकर होत असेल का?

---

उष्मागती

मृण्मयीने नेमकं धरलं. पट्टी, तीन गोष्टी सांगा. प्लेटची पुढची कड कशी कापली आहे? बोगद्यातल्या हवेची टर्ब्युलन्स-तीव्रता किती आहे? आणि सगळ्यात थंड थर्मोकपल कुठला?

---

तापलेली_पट्टी

कड सरळ चौकोनी आहे, कटिंग करून आली तशीच. तीव्रता मोजलेली नाही. सगळ्यात थंड जागा कडेपासून ६ सेंटीमीटरवर. अगदी कडेशी गरम, मग ६ सेंमीपर्यंत उतार, तिथून पुढे शेवटपर्यंत हळूहळू चढ. हे विचित्र वाटलं म्हणून ते दोन थर्मोकपल बदललेही, चित्र तेच.

---

उष्मागती

थर्मोकपल ठीक आहेत, दोष कडेचा आहे. चौकोनी कडेवर हवा वळू शकत नाही, ती प्लेटपासून सुटते आणि काही अंतरावर पुन्हा येऊन चिकटते. मधल्या बुडबुड्यात हवा मंद फिरत राहते, म्हणून कडेशी प्लेट गरम. जिथे हवा परत चिकटते तिथे h सगळ्यात मोठा, म्हणून तिथे प्लेट सगळ्यात थंड. चिकटण्याची जागा प्लेटच्या जाडीच्या साधारण चार-पाच पट अंतरावर असते. १२ मि.मी. ची पाचपट म्हणजे ६ सेंटीमीटर, तुमची थंड जागा नेमकी तीच. सुटलेला प्रवाह हवेतच टर्ब्युलंट होतो आणि टर्ब्युलंट होऊनच प्लेटवर उतरतो. तुमच्या प्लेटवर लॅमिनार भाग नाहीच, त्यामुळे ५ लाखांचा प्रश्नही उरत नाही.

कड नीट असती तर चित्र वेगळं दिसलं असतं. हीटरमुळे उष्णतेचा प्रवाह सगळीकडे सारखा आहे, तेव्हा लॅमिनार भागात तापमानातला फरक x च्या वर्गमुळाप्रमाणे चढत गेला असता, ट्रान्झिशनला झपकन खाली आला असता, आणि मग x च्या ०.२ घाताप्रमाणे अगदी सावकाश पुन्हा चढला असता. ट्रान्झिशन ओळखायची सगळ्यात खात्रीची खूण हीच: तापमानाचा उंचवटा आणि त्यामागची घसरण. दोन्ही अक्ष लॉगमध्ये घेऊन स्थानिक h आणि x चा आलेख काढा. उतार उणे ०.५ असेल तिथे लॅमिनार, उणे ०.२ असेल तिथे टर्ब्युलंट.

दुसरं असं की तुमची प्लेट समान तापमानाची नाही, समान उष्णताप्रवाहाची आहे. लॅमिनार भागात स्थानिक सहगुणक ०.३३२ ऐवजी ०.४५३ होतो, म्हणजे ३६ टक्के जास्त. टर्ब्युलंटमध्ये ०.०२९६ चा ०.०३०८ होतो, फक्त ४ टक्के. म्हणून कड सुधारल्यावरही ८७१ चं सूत्र तुमच्या प्लेटला जसंच्या तसं लावू नका.

---

तापलेली_पट्टी

उणे ०.२ चा उतार ६ सेंमीच्या पुढे मिळतोय, आत्ता आलेख काढला. १५ सेंमीपासून पुढे तर सरळ रेषा. कडेला लंबवर्तुळाकार नाक बसवून घेतो. तेवढ्याने ट्रान्झिशन ५ लाखांवर येईल ना?

---

उष्मागती

याची हमी नाही. ५ लाख हा निसर्गनियम नाही, हिशेबासाठी ठरवलेला मधला आकडा आहे. हवेत खळबळ जास्त असेल, पृष्ठभाग खडबडीत असेल किंवा प्लेट थरथरत असेल तर ट्रान्झिशन १ लाखावरही होतं. अतिशय शांत बोगद्यात आणि गुळगुळीत प्लेटवर ते २८ लाखांपर्यंत लांबवलेलं आहे. तुमची तीव्रता मोजलेली नाही, म्हणून नाक बसवूनही ट्रान्झिशन कुठे येईल ते आलेखच सांगेल.

मृण्मयीच्या प्लेटवर याचा परिणाम बघा. बाकी सगळं तेच, फक्त Re_c बदलला:

```
Re_c = 1e5  ->  h = 31.0
Re_c = 5e5  ->  h = 22.7
Re_c = 1e6  ->  h = 13.3
```

पुस्तकाच्याच रीतीने काढलेल्या या किमती आहेत. आभासी उगमाचा वाद दहा टक्क्यांचा, ट्रान्झिशनच्या जागेचा वाद दुपटीहून मोठा. जागा ठाऊक नसताना उगम बारकाईने काढत बसण्यात अर्थ नाही. आधी जागा शोधा.

---

निनाद

म्हणूनच आम्ही मॉडेलच्या नाकाजवळ तार किंवा वाळूची पट्टी लावून प्रवाह मुद्दाम टर्ब्युलंट करतो. मग ट्रान्झिशन कुठे ते आम्ही ठरवतो, नशीब नाही. मात्र तारेचा स्वतःचा रोध वेगळा धरावा लागतो, आणि तार फार बारीक असेल तर लेयर पुन्हा शांत होते. पट्टी यांनाही तेच सुचवेन. आवर्तनीय आकडे हवे असतील तर शुद्ध लॅमिनारच्या मागे लागू नका.

---

तापलेली_पट्टी

मला लॅमिनार भागच हवा आहे, त्याच्याशी तुलना करायची आहे. तार लावली तर मूळ हेतूच गेला. पण हवेची तीव्रता मोजून घ्यायला हवी हे पटलं.

---

सागर_पा

लांबी ४ मीटर करून पाहिली. माझ्या रीतीने २५.७ येतो, वजाबाकीच्या रीतीने २३.५, आभासी उगमाने २५.२ च्या आसपास. वजाबाकीच्या रीतीशी फरक कमी झाला, पण माझा आकडा उगमाच्या थोडा वरच राहिला. १ मीटरला तर माझी आणि उगमाची, दोन्ही रीती १८.८ च्या आसपास येतात. तेव्हा आकडे जवळ राहतात, पण त्याने माझी रीत बरोबर ठरत नाही हे कळलं.

पण एक प्रश्न राहतो. ट्रान्झिशन म्हणजे एक रेषा नाही ना? ठिपके-ठिपके उमटत काही अंतरात ते पूर्ण होतं. मग ०.७९ ही त्या पट्ट्याची सुरुवात, मध्य की शेवट?

---

उष्मागती

सूत्र वापरणारे ते सांगत नाहीत, आणि त्यावर सगळ्यांचं एकमतही नाही. पट्टा लहान नसतो. ट्रान्झिशन सुरू झाल्यापासून पूर्ण होईपर्यंत Re दुप्पट होणं सहज शक्य आहे. त्या अंतरात प्रवाह काही वेळ लॅमिनार, काही वेळ टर्ब्युलंट असतो आणि h त्या प्रमाणात दोन्हींच्या मध्ये असतो. मी स्वतः x_c पट्ट्याच्या मध्यावर धरतो, कारण मग जादा आणि कमी धरलेला भाग बऱ्यापैकी फिटतो. पण आभासी उगम काढताना मी "संवेग-जाडी उडी मारत नाही" असं म्हटलं, ते पट्टा आखूड आहे या भरवशावर. पट्टा अर्धा मीटर असेल तर तो भरवसा ढिला पडतो.

---

मृण्मयी_द

म्हणजे २४.९ वरही दशांश लिहिण्यात फारसा अर्थ नाही. मी उत्तर २२.७ लिहिते आणि खाली गृहीतक लिहिते: ट्रान्झिशन एका रेषेवर, Re_c = ५ लाख, पुढची टर्ब्युलंट लेयर कडेपासून मोजलेली.

सागर, पट्ट्यावर वजन लावून बेरीज करायची असेल तर संगणकावर करू. प्रमाणाचं वक्र कुठलं घ्यायचं तेवढं ठरवा. सरळ रेषा धरली तर चालेल का?

---

सागर_पा

सरळ रेषेने सुरू करू. ०.६ ते १.० मीटर पट्टा धरतो आणि रात्री आकडे टाकतो.